जी-1 च्या ट्रेमध्ये जी-2 ची स्ट्रिप: मेडिकलमधल्या हुकलेल्या चुकीचा, कोणाला दोष न देता, रिव्ह्यू कसा घ्यायचा

धरा की नागपूरच्या धंतोलीतलं एक मेडिकल आहे. संध्याकाळचे साडेसात, आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांच्या ओपीडी एकदमच सुटतात, काउंटरवर आठ-दहा लोकं, त्यात कोणी छिंदवाड्याहून आलेलं की ज्याला शेवटची बस पकडायची आहे, आणि फोनवर होम डिलिव्हरीवाले वेगळेच. एक जण आपल्या वडिलांची चिठ्ठी देतो. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, शुगर आहे, किडनी थोडी कमजोर. चिठ्ठीत शुगरची जोडगोळी लिहिलेली, ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500, म्हणजे आपण ज्याला नुसतं जी-1 म्हणतो ती, सकाळी नाश्त्याच्या आधी एक. दुकानातला पोरगा ट्रेमधून दोन स्ट्रिप काढतो, बिल होतं, पिशवी भरते, आणि देता देता काउंटरवरची फार्मासिस्ट ताई सहज विचारते, काका घरी शुगरची कोणती गोळी घेतात आत्ता? तो मोबाइलमधला जुन्या स्ट्रिपचा फोटो दाखवतो. फोटोत जी-1 आहे, पिशवीत जी-2, म्हणजे ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅमवाली.

चूक झाली पण पेशंटपर्यंत पोचली नाही, यालाच निअर मिस म्हणतात. चांगल्या मोठ्या दुकानातही असं होतं, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं पुढे काय होतं ते सांगतो. मालक ओरडतो, लक्ष कुठाय बे तुझं, पोरगा मान खाली घालतो, स्ट्रिप बदलते, नवीन बिल निघतं आणि विषय संपला. पण ट्रे तसाच राहतो ना. आणि पोरगा एक गोष्ट पक्की शिकतो की पुढच्या वेळी चूक दिसली तर कोणाच्या डोळ्यात न येता चुपचाप बदलायची.

जी-1 च्या जागी जी-2 गेली तर काय फरक पडतो, औषध तर तेच आहे, असं म्हणणारे पण भेटतात. फरक असा की ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते, पेशंट जेवला काय नि नाही जेवला काय. मेटफॉर्मिन तेवढीच राहिली पण ग्लिमेपिराइड डबल झाली, आणि वय झालेल्या, कमी जेवणाऱ्या, किडनी कमजोर असलेल्या माणसाची शुगर त्याने सत्तरच्या खाली जाऊ शकते, मग घाम, थरथर, बडबड, कधी कधी सरळ बेशुद्धी. या गोळीचा असर बराच वेळ राहतो, त्यामुळे साखर खाऊ घातली की बरं वाटतं आणि काही तासांनी शुगर परत खाली येते. घरच्यांना वाटतं म्हाताऱ्याला चक्कर आली, उन्हाळा आहे. नागपूरच्या मे महिन्यात तर कोणाला गोळीचा संशय पण येत नाही.

त्याच संध्याकाळी काय करायचं

मीटिंग दुसऱ्या दिवशी, पण पुरावा त्याच संध्याकाळी. ट्रे साफ करायच्या आधी त्याचा फोटो घ्या, हे मी मुद्दाम आधी सांगतो कारण सगळ्यांचा हात पहिले ट्रेकडेच जातो, सगळं नीट लावून टाकतात आणि मग दुसऱ्या दिवशी कोणालाच माहीत नसतं की स्ट्रिप नेमकी कुठे पडली होती. चिठ्ठीचा फोटो पेशंटचं नाव झाकून, चुकीची आणि बरोबर स्ट्रिप बाजूबाजूला ठेवून एक फोटो, रद्द झालेलं बिल फेकायचं नाही, आणि वहीत चार-पाच ओळी, किती वाजले होते, काउंटरवर कोण कोण होतं, गर्दी किती, कोणाच्या लक्षात आलं आणि कशामुळे आलं. हे शेवटचं लोकं लिहीतच नाहीत, पण चूक कशी पकडली गेली हे कळणं चूक कशी झाली याच्याइतकंच कामाचं आहे.

दुसरं काम याहून महत्त्वाचं, आणि ते पण आजच. हा एक पकडला गेला, याच्या आधी किती निसटले? इथे बहुतेक जण म्हणतात की स्टॉक मोजून घेऊ, कॉम्प्युटरमध्ये किती आणि ट्रेमध्ये किती, फरक आला तर कळेल. पण या केसमध्ये स्टॉक अगदी बरोब्बर जुळेल. कारण पोरगा स्ट्रिप हातात घेतो, तिच्यावरचं नाव आणि बॅच बघून बिल टाकतो. जी-2 हातात आली तर बिलही जी-2 चंच बनतं, कॉम्प्युटरमधून जी-2 च वजा होते. कागदावर काही चुकलेलंच दिसत नाही. (बिल चिठ्ठीवरून बनत असतं तर जी-1 चा स्टॉक वाढलेला आणि जी-2 चा कमी दिसला असता, ते मोजून कळलं असतं.) म्हणून इथे वेगळं शोधावं लागतं. तो माल ट्रेमध्ये लागला तेव्हापासूनची जी-2 ची सगळी बिलं काढा आणि बघा की यातल्या कोणी मागच्या महिन्यात जी-1 नेली होती का. ज्याचं बदललेलं दिसतं त्याला फोन करा, डॉक्टरांनी डोस वाढवला होता का विचारा, चिठ्ठीचा फोटो मागवा. असा एखादा निघाला तर तो निअर मिस राहिला नाही, त्याच्याबद्दल शेवटी बोलतो.

मीटिंग

दुपारी दोन-अडीचला, जेव्हा दुकानात कूलरच्या आवाजाशिवाय काही नसतं, तेव्हा वीस मिनिटं. चिठ्ठी घेणारा, बिल करणारा, माल लावणारा, ताई आणि मालक, सगळे. माल लावणाऱ्याला लोकं बोलावत नाहीत कारण तो तर तेव्हा काउंटरवर नव्हताच, आणि बहुतेक वेळा अर्धं उत्तर त्याच्याकडेच असतं.

ज्याच्या हातून झालं त्याच्याशी मालकाने आधी एकट्यात दोन मिनिटं बोलायचं. तुझा पगार कापणार नाही, घरच्यांना बोलवून सांगणार नाही, मला फक्त कळलं पाहिजे की तेव्हा काउंटरवर काय चाललं होतं. हे मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं तर त्याला आणखीच लाज वाटते. मीटिंगमध्ये मालकाने सगळ्यात शेवटी बोलायचं, कारण मालक पहिले बोलला की बाकीचे फक्त माना हलवतात, हे कोणत्याही दुकानात पाहून घ्या. आणि प्रश्न कसा विचारता त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'तू वाचलं काहून नाही?' याचं उत्तर फक्त 'चुकलं भाऊ' एवढंच येतं. 'ट्रेमध्ये हात घातला तेव्हा तुला समोर काय दिसलं?' याचं उत्तर खरं येतं.

आधी कारणांवर जायचंच नाही, फक्त काय काय झालं ते वेळेप्रमाणे कागदावर लिहायचं. आपल्या केसमध्ये ते असं निघतं. चार वाजता गांधीबागेतून होलसेलचा माल आला. जी-2 वर स्कीम होती, दहावर एक फ्री, म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतली. साडेचारला माल लावणाऱ्याने जी-2 चा ट्रे भरला, तरी दोन बॉक्स उरले. बाजूचा जी-1 चा ट्रे अर्धा रिकामा होता, त्याने उरलेल्या स्ट्रिप त्याच्यात मागच्या बाजूने लावल्या, उद्या नीट करू म्हणून. सात वाजेपर्यंत पुढच्या जी-1 विकून संपल्या. साडेसातला पोराने जी-1 चिठ्ठीत नीट वाचलं, जी-1 च्याच ट्रेमध्ये हात घातला, हातात जी-2 आली. दोन्हीचा रंग एक, कंपनी एक, छपाई एक, फक्त एका आकड्याचा फरक. बिल स्ट्रिप बघून बनलं. ताईने पिशवी भरताना स्ट्रिप बिलाशी ताडून पाहिली, दोन्हीकडे जी-2, सगळं बरोबर. मग तिने प्रश्न विचारला आणि पकडलं गेलं.

एवढं कागदावर आलं की दोन गोष्टी आपोआपच गळून पडतात. एक म्हणजे डॉक्टरचं अक्षर. निअर मिस झाला की पहिले अक्षरावरच ढकलतात, इथे अक्षर साफ होतं आणि पोराने बरोबर वाचलं होतं. दुसरं म्हणजे 'तपासलं नाही' हा आरोप. तपासलं होतं, नियमाप्रमाणे तपासलं होतं, पण तपासणी चिठ्ठीशी झालीच नाही. स्ट्रिपवरून बिल बनलं आणि बिलावरून स्ट्रिप तपासली, म्हणजे एकाच विद्यार्थ्याने पेपर लिहिला आणि त्यानेच तपासला तसं.

का, का आणि परत का

आता कारणं. पद्धत साधी आहे, प्रत्येक उत्तराला परत 'का' विचारायचं. पाचदाच विचारायचं असं काही नाही, आणि एकाच सरळ रांगेत पण जायचं नाही, कारण इथे दोन वेगळे फाटे आहेत, चूक झाली का आणि ती आधीच पकडली गेली नाही का.

पहिला फाटा. पिशवीत जी-2 का गेली, कारण जी-1 च्या ट्रेमध्ये ती होती. ट्रेमध्ये का होती, कारण तिच्या ट्रेमध्ये मावली नाही. का मावली नाही, कारण ट्रेमध्ये किती बसतं ते न बघता स्कीम बघून ऑर्डर दिली. आणि उरलेला माल कुठे ठेवायचा? याचा दुकानात काही नियमच नव्हता, ज्याला जिथे जागा दिसेल तिथे. इथे थांबा, कारण हे उद्या सकाळी बदलता येतं.

दुसरा फाटा. बिलात का पकडली गेली नाही, कारण बिल स्ट्रिपवरून बनतं. स्ट्रिपवरून का बनतं? इथे मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि मग बिल करणारा सांगतो की बिलात बॅच नंबर आणि एक्सपायरी टाकावी लागते, ती स्ट्रिपवरच असते, म्हणून स्ट्रिप आली की तिच्यावरूनच सगळं टाकून मोकळा होतो, लवकर पण होतं. म्हणजे यात आळस कुठेच नाही. दुकानाचं काम ज्या रीतीने बसलं आहे त्या रीतीत हेच सगळ्यात सोपं पडतं, आणि म्हणून रोज सगळेच तसंच करतात.

खरं कारण सापडलं की नाही हे ओळखायचं कसं? एक तर असं विचारा की हे कारण काढून टाकलं असतं तर चूक झाली नसती किंवा पकडली गेली असती का. दुसरं, त्या पोराच्या जागी दुसरा कोणी तेवढाच शिकलेला, तेवढाच अनुभव असलेला माणूस त्याच गर्दीत त्याच ट्रेसमोर उभा केला तर त्याच्या हातातही जी-2 च आली असती का. आली असती, तर पोराला बदलून काही फायदा नाही. आणि तिसरं, उठून जाऊन पाहा. त्याच दिवशी रॅकमधल्या आणखी चार-पाच जोड्या बघा, थायरॉक्सिन 25 आणि 125, बीपीच्या गोळीची 5 आणि 10, कुठे कुठे एकाच्या ट्रेमध्ये दुसरी घुसली आहे. एकदोन तरी सापडल्या तर समजा की कारण पोरात नसून माल लावण्याच्या पद्धतीत आहे. एकही नाही सापडली तर आपलं कारण कच्चं आहे, परत बसा. 'लक्ष नव्हतं', 'घाई होती', 'नवीन आहे' ही कारणं म्हणून लिहायचीच नाहीत, घाई तर धंतोलीत रोज साडेसातला राहणारच आहे बाप्पा.

उपाय करताना

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, कारण सगळ्यात सोपा उपाय म्हणजे भिंतीवर कागद चिकटवणं, 'औषध नीट वाचून द्यावे'. चार दिवसांनी तो कागद कोणाला दिसतही नाही. समजावून सांगणं, सही घेणं, हे पण असेच कमजोर. माणसाच्या आठवणीवर जो उपाय उभा आहे तो गर्दीत पडतो, जो जागेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये बसवला आहे तो टिकतो.

आपल्या केसमध्ये पहिला उपाय जागेचा. जी-1 आणि जी-2 बाजूबाजूला ठेवायच्याच नाहीत, वेगळ्या रॅकमध्ये, किंवा कमीत कमी मधे दुसरं काही तरी दिसायला एकदम वेगळं. उरलेला माल आपल्याच बॉक्समध्ये बंद करून वर माळ्यावर, दुसऱ्याच्या ट्रेमध्ये कधीच नाही. स्कीम कितीही चांगली असली तरी ऑर्डरला वरची मर्यादा, आणि हे मालकाने स्वतः पाळायचं आहे कारण स्कीम तोच घेतो. एक सावध राहायचं, जागा बदलली की पहिल्या आठवड्यात नवीनच चुका होतात कारण हात जुन्या जागी जातो, म्हणून जुन्या जागी रिकामा ट्रे ठेवून त्यात नवीन जागेची चिठ्ठी ठेवा, आणि जागा बदलायचं काम शनिवारी संध्याकाळी करू नका.

दुसरा उपाय बिलाचा. चिठ्ठी समोर ठेवून औषध आणि ताकद आधी कॉम्प्युटरमध्ये टाकायची, मग स्ट्रिप आणायची, आणि बॅच शेवटी स्ट्रिपवरून निवडायची. आता जी-2 ची स्ट्रिप आली तर तिचा बॅच नंबर जी-1 च्या यादीत सापडणारच नाही, आणि बिल तिथेच अडेल. त्याच सॉफ्टवेअरमध्ये, एक पैसा खर्च न करता, फक्त क्रम बदलून. थोडा वेळ जास्त लागतो, पोरं पहिले कुरकुर करतात. तुमच्याकडे हे जमतच नसेल तर निदान शेवटी पिशवी भरणाऱ्याने बिल उलटं करून ठेवायचं आणि स्ट्रिप चिठ्ठीशी ताडायची.

तिसरा उपाय तोच, ज्याने पकडलं. ताईचा प्रश्न नशिबावर होता, आता तो ठरवून विचारायचा. पण प्रश्न उघडा पाहिजे. 'ही शुगरचीच ना काका?' म्हटलं तर काका हो म्हणतात, ते कशालाही हो म्हणतात. 'घरी कोणती गोळी चालू आहे, कशासाठी, कधी घेता?' असं विचारलं तर त्यांना सांगावं लागतं. हे प्रत्येक पिशवीला गर्दीत होणार नाही, ते मान्यच करा, नाहीतर नियम होतो आणि कोणी पाळत नाही. म्हणून छोटी यादी करा. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन, रक्त पातळ करायच्या, फिट्सच्या, थायरॉइडच्या, आणि मेथोट्रेक्सेट, जी सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच असते आणि चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. एवढ्यांनाच विचारायचं, पण न चुकता.

उपाय कामाचा झाला की नाही हे महिन्याने कळतं. कोणतेही दहा ट्रे उघडून पाहा, दुसऱ्याचं काही घुसलं आहे का. रद्द बिलं काढून पाहा, ती का रद्द झाली. आणि वही बघा. वहीतले निअर मिस पहिल्या महिन्यात वाढतात, त्याने घाबरू नका, आधी पण होतच होते, आता लिहिल्या जाताहेत. वही महिनाभर कोरी असेल तर मात्र विचारा, कारण एवढ्या गर्दीच्या दुकानात एकही नाही असं होत नाही. मालकाची स्वतःची एखादी चूक त्याच्याच अक्षरात वहीत आली की पोरं लिहायला लागतात, हे मी एकापेक्षा जास्त दुकानांत पाहिलं आहे.

कुठपर्यंत दोष द्यायचा नाही

यावर मालक लोकांचा हमखास प्रश्न येतो, मग काय काहीही केलं तरी माफ? नाही. हात चुकणं वेगळं. रोजचा शॉर्टकट, जसं स्ट्रिपवरून बिल, हे वेगळं, त्यात शिक्षा नाही पण शॉर्टकट का घ्यावा लागतो ते काढून टाकायचं. आणि जी-1 संपली आहे म्हणून माहीत असून जी-2 देऊन 'अर्धी घ्या काका' म्हणणं, किंवा फार्मासिस्ट दुकानात नसताना शेड्यूल एचची, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायची, औषधं देत बसणं, हे तिसरंच. चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायची आणि शेड्यूल एचमधलं लिहिलेलं सोडून दुसरं द्यायचं नाही, हे औषध नियम 1945 च्या नियम 65 मध्येच आहे. हे जाणूनबुजून केलेलं आहे, ते या मीटिंगमध्ये आणायचं नाही, त्याचा हिशोब मालकाने वेगळा करायचा, आणि मालकच असं करायला सांगत असेल तर ही मीटिंग घेण्यात काही अर्थ नाही.

आणि ती जुनी बिलं शोधताना खरंच कोणाच्या घरी चुकीची स्ट्रिप गेलेली निघाली, तर रिव्ह्यू बाजूला. पहिला फोन पेशंटला, ती गोळी थांबवा, आत्ता कसं वाटतं, घाम, चक्कर, थरथर आहे का, घरी मशीन असेल तर शुगर बघा. शुद्धीत असून शुगर कमी असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायला सांगा कारण या गोळीत ती परत उतरते. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ 108. दुसरा फोन डॉक्टरला, काय गेलं, किती दिवस घेतलं, सगळं खरं खरं. पेशंटला त्रास झाला असेल तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाच्या 1800-180-3024 या नंबरवर कळवता येतं. बरोबर स्ट्रिप घेऊन कोणी तरी घरी जा, चुकीची परत आणा, आणि ती ट्रेमध्ये परत टाकू नका, पाकिटात घालून वहीसोबत ठेवा, मीटिंगला ती लागेल.